सहापैकी एक

अस्मिताने कागद टेबलावर सरळ केला आणि पेन त्याच्यावर आडवं ठेवलं.

"काका, फक्त सही," ती म्हणाली.

लक्ष्मीकांत दिघ्यांनी पेन उचललं नाही. जपानमधल्या कावासाकी स्टेशनजवळच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या वकिली ऑफिसात दुपारचे दोन वाजले होते. समोर वकील बसल्या होत्या, निशिमोरी-सान. चार महिन्यांपूर्वी अस्मिताच्या नवऱ्याला, धीरजला, अटक झाली तेव्हापासून ही केस त्यांच्याकडे होती. जुनी कंपनी सोडताना धीरजने तिथला सोर्स कोड स्वतःच्या खात्यात नेला, असा आरोप होता. धीरजचं म्हणणं, टीम लीडरनेच ते फोल्डर तिथे ठेवायला सांगितलं होतं. टीम लीडर म्हणत होता, मी असं काही बोललो नाही. जामिनाचा अर्ज दोनदा फेटाळला गेला होता.

अस्मिता म्हणजे लक्ष्मीकांतच्या बायकोच्या, सुलेखाच्या, बहिणीची मुलगी. सुलेखाला जाऊन अकरा महिने झाले होते. ती असती तर अस्मिताने आधी तिलाच फोन केला असता. आता मावशी नाही म्हणून काका.

आणि काकांकडे येण्याला एक कारणही होतं. क्योतोला शिकवायला येण्याआधी लक्ष्मीकांतने सहा वर्षं अमेरिकेत एका काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी, काम केलं होतं. तिथे अटक झालेल्या माणसाला जामिनावर सोडावं का, हे ठरवताना न्यायाधीशापुढे एक आकडा ठेवत. नऊ प्रश्न: वय काय, आधी शिक्षा झाली होती का, तुरुंगात होता का, दुसरा खटला चालू आहे का, मागे कोर्टाच्या तारखा चुकवल्या का, असे. उत्तरं माणसाला विचारत नसत, रेकॉर्डमधून काढत. त्यावरून एक ते सहा गुण. एक म्हणजे धोका कमी, सहा म्हणजे जास्त. तो आकडा किती खरा ठरतो हे तपासायचं काम लक्ष्मीकांतचं.

अस्मिताने अशा आकड्यांबद्दल कुठेतरी वाचलं आणि काका हेच काम करायचे, हे मावशीचं बोलणं तिला आठवलं. तिच्या आग्रहावरून लक्ष्मीकांतने धीरजचा आकडा काढला. सहापैकी एक. आता तो तज्ज्ञाचं मत म्हणून तिसऱ्या अर्जाला जोडायचा होता.

"हे मला देता येणार नाही," लक्ष्मीकांत म्हणाले.

"का? आकडा तुम्हीच काढलात ना?"

"काढला, आणि काढताना लक्षात आलं. मागे चुकवलेल्या तारखा, शून्य. आधीच्या शिक्षा, शून्य. हे शून्य कुठून आलं? कुणी बघितलं का? धीरज तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आला. तिथलं रेकॉर्ड आपण मागवलंच नाही. जिथे काही माहीत नव्हतं तिथे मी शून्य लिहिलं."

"अहो, पण खरंच काही नाहीये! त्याने उभ्या आयुष्यात सिग्नल तोडला नाही. कचरासुद्धा तीनदा तपासून टाकतो. शेजारच्या आजी आम्हाला हसतात."

"मला माहीत आहे गं. पण हा आकडा त्याच्या स्वभावावर आलेला नाही. उद्याच्या विमानाचं तिकीट खिशात घेऊन बसलेला परका माणूस याच्यात घाल, त्यालाही एकच मिळेल. इथे त्याचं रेकॉर्ड नाही, एवढंच त्याचं पुण्य."

निशिमोरी-सानना त्यांनी हेच जपानीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. "दुसरीही अडचण आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा आकडा सांगतो, माणूस तारखेला येईल का आणि बाहेर असताना पुन्हा पकडला जाईल का. इथल्या न्यायाधीशांची शंका वेगळी आहे. हा बाहेर जाऊन पुरावा बिघडवेल का? टीम लीडरवर दबाव आणेल का? त्याबद्दल आकडा गप्प आहे. पण खरं सांगू, दिघे-सान? प्राध्यापकाच्या सहीचा आकडा दिसला तर कुणी पान उलटायच्या आधी थांबेल. दोन अर्जांत कुणी थांबलेलं मला दिसलं नाही."

"म्हणूनच नको. मी तिकडे अहवाल लिहिला होता. सहा गुणवाल्यांना सोडलं, तेव्हा त्यांच्यातले दहापैकी सहा जण तारखेला हजर राहिले. हे एक्केचाळिसाव्या पानावर होतं. न्यायाधीश पहिलं पान वाचायचे. न सोडलेल्यांपैकी किती आले असते, ते कुणाला कधीच कळलं नाही."

अस्मिता उठून खिडकीशी गेली आणि मागे न वळता बोलली.

"परवा भेटायला गेले होते. मराठीत बोलू देत नाहीत, गार्डला समजत नाही म्हणून. नवरा-बायको काचेतून जपानीत बोलतो, काका. त्याचं जपानी म्हणजे ऑफिसचं. मला म्हणाला, 'या वेळीही परवानगी न मिळाल्यास माझ्याकडून चूक झाली असे कळवण्याचा विचार आहे.' क्लायंटला मेल लिहितात तसं. कबूल केलं की सोडतात, हे त्याला आत सगळ्यांनी सांगितलंय. मग गुन्हेगार म्हणून शिक्का, व्हिसा गेला, सगळं गेलं. आणि तुम्हाला शून्याची पडलीये. मावशी असती ना, तिने तुमचा हात धरून सही घेतली असती."

"घेतली असती," लक्ष्मीकांत म्हणाले.

मग त्यांनी निशिमोरी-सानना विचारलं, "जामिनावर त्याने राहायचं कुठे असं लिहिलंय?"

"इचिकावाला, स्वतःच्या घरी. टीम लीडर तिथून चार स्टेशनांवर राहतो. दोन्ही वेळा सरकारी वकिलांनी त्यावरच बोट ठेवलं."

"क्योतो लिहा. माझं घर. हमी माझी."

"तुमच्या घरी कोण असतं?"

"मी."

निशिमोरी-साननी ते फॉर्मवर लिहूनही घेतलं. सोबत राहणाऱ्या व्यक्ती: एक. लक्ष्मीकांतने दुसऱ्याच दिवशी घरातली इंटरनेटची लाइन काढून टाकली. सुलेखाचे व्हिडिओ ज्या टॅबलेटमध्ये होते तो युनिव्हर्सिटीतल्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

न्यायाधीश सहसा वकिलालाच भेटतात. गुरुवारी त्यांनी हमीदारालाही आत बोलावलं. चाळिशीचे गृहस्थ, समोर वीतभर फायली.

"निशिमोरी-सान फोनवर म्हणाल्या होत्या की धोक्याचं मूल्यांकन जोडणार. ते दिसत नाही."

"मी दिलं नाही," लक्ष्मीकांत म्हणाले.

"आकडा काय आला होता?"

निशिमोरी-साननी त्यांच्याकडे पाहिलं. लक्ष्मीकांतला वाटलं, नुसता आकडा सांगून थांबलो, तरी खोटं काही होणार नाही.

"सर्वांत कमी. पण त्यावर विसंबू नका." आणि त्यांनी रिकाम्या रकान्यांचं सांगितलं. परदेशातल्या लोकांवर बसवलेलं माप इथल्या माणसावर कुणी तपासलेलं नाही, हेही सांगितलं.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "आकडा सहा आला असता, तर तो सांगायला आला असतात?"

"नसतो आलो."

"वकिलांनीही आणला नसता."

"नाही. म्हणजे तुमच्या टेबलावर फक्त एक आणि दोनच येतील. तेवढ्यावरून आकडा चांगला चालतो असंच वाटेल. आणि उद्या सरकारी वकील पाच-सहा घेऊन येतील, तेव्हा एकाला मान दिलात म्हणून सहालाही द्यावा लागेल."

"मग मी कशावर विश्वास ठेवू?"

"आकड्यात नाही ते बघा. तो टीम लीडरपासून साडेचारशे किलोमीटर दूर राहील. पासपोर्ट वकिलांकडे. घरात इंटरनेट नाही. फोन साधा, त्यावरच्या कॉलची यादी दर महिन्याला तुम्हाला मिळेल."

"तुम्ही कामावर गेल्यावर त्याने दुसऱ्याचा फोन घेतला तर?"

"मला कळणार नाही."

न्यायाधीशांनी काहीतरी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर लिफ्टमध्ये निशिमोरी-सान म्हणाल्या, "शेवटचं उत्तर जरा लांबवता आलं असतं."

संध्याकाळी साडेपाचला निकाल आला. अर्ज फेटाळला. पुरावा बिघडवण्याचा संशय घेण्यास पुरेसा आधार आहे, एवढीच ओळ. आकड्याचं नाव नाही, क्योतोचंही नाही. तीन न्यायाधीशांपुढे दाद मागायचा मार्ग होता, आणि निशिमोरी-सान रात्रीतून कागद तयार करणार होत्या. अस्मिताने फोनवर एकच वाक्य उच्चारलं: "आता त्याला तुम्हीच सांगा."

शुक्रवारी सकाळी लक्ष्मीकांत कोठडीत भेटायला गेले. काचेपलीकडे धीरज येऊन बसला. बारीक झाला होता, दाढी मात्र नीट केलेली. त्याच्या शेजारी गार्ड वही घेऊन बसला. बोलणं जपानीत.

"आपण दूरवरून आलात, आभारी आहे," धीरज म्हणाला.

"अर्ज फेटाळला."

"कळलं. एक विचारू का? आकडा दिला असता तर मान्य झाला असता का?"

लक्ष्मीकांतला येताना गाडीत हाच प्रश्न पुरला होता. "माहीत नाही. झालाही असता."

धीरज खाली बघत राहिला. "तो सर्वांत चांगला होता ना?"

"होता. तू ते फोल्डर चोरलं असतंस तरी तेवढाच आला असता. म्हणून तो मी तुझ्या नावाने देऊ शकलो नाही. धीरज, मला वाटतं तू चोरी केली नाहीस. ते मी आकड्यावरून म्हणत नाही. माझी चूकही होऊ शकते. पण तू केली म्हणालास, तर ते मात्र कायमचं कागदावर जाईल. मग पुढे कुठेही, कुणीही तुझा आकडा काढला, तर त्या रकान्यात शून्य नसेल. आणि ते खरं आहे का, हे कुणी विचारणार नाही."

गार्डने घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं संपत आली होती.

"अस्मिता चिडली आहे का?" धीरजने विचारलं.

"माझ्यावर. चिडू दे."

चार महिन्यांत बहुधा पहिल्यांदाच तो थोडा हसला. मग त्याला ऑफिसचे शब्द सापडले नाहीत. मराठीत म्हणाला, "थांबतो, काका." गार्डने लगेच टोकलं, जपानीत बोला. धीरजने माफी मागितली आणि तेच पुन्हा जपानीत सांगितलं. गार्डने वहीत लिहिलं.

मंगळवारी तीन न्यायाधीशांनी आधीचा निकाल बदलला. राहण्याचं ठिकाण टीम लीडरपासून दूर आहे आणि अटी पुरेशा आहेत, असं त्यांनी लिहिलं. त्याच संध्याकाळी लक्ष्मीकांतने धीरजला शिंकान्सेन या वेगवान गाडीने क्योतोला आणलं. अस्मिताने स्टेशनवर नवऱ्याचा हात सोडला नाही आणि काकांकडे पाहिलंही नाही. गाडी सुटताना मात्र खिडकीतून त्यांच्याजवळच्या डब्याच्या पिशवीकडे बोट दाखवून तिने खूण केली, दोघांनी खा.

घरी जेवताना धीरजने विचारलं, "सही केली असतीत, तर कदाचित गुरुवारीच सुटलो असतो ना?"

"कदाचित."

"पाच दिवस," धीरज म्हणाला. त्याने ताट उचललं आणि बेसिनकडे गेला. लक्ष्मीकांतने अस्मिताचा रिकामा डबा उचलला आणि त्याच्या शेजारी उभं राहून धुवायला घेतला.