नळीने वाचवलेला वेळ

इस्पितळात तिला सगळे हिशेबताई म्हणत. नोकरीला लागली तेव्हा वॉर्डातल्या रक्ताच्या बाटल्या लाकडी खोक्यात घालून माणसं लॅबकडे पळायची, आणि जिन्यावर कुणी आडवं आलं की "बाजूला, बाजूला!" असा पुकारा व्हायचा. त्या माणसांची नावं तिला अजून पाठ होती. आता भिंतीतून जाड नळी गेली होती. परिचारिका डबीत नमुना ठेवते, बटण दाबते, आणि हवेच्या जोरावर डबी सुसाट लॅबमध्ये जाऊन पडते. बोळातून "सूंऽऽ" असा आवाज येतो, एवढंच.

नळी सुरू होऊन आठ महिने झाले, आणि आढाव्याचं काम तिच्या गळ्यात पडलं. इस्पितळात मोठं काम काढायचं तर आधी प्रस्ताव होतो: खर्च किती, बदल्यात काय मिळणार. काही महिन्यांनी कुणीतरी बघायचं असतं, की म्हटलं होतं ते खरंच मिळालं का. हे काम कुणाला नको असतं. उद्घाटनाला सगळे पुढे असतात. पंगत उठल्यावर भांडी घासायला मात्र कुणी फिरकत नाही. निवृत्तीला एक वर्ष राहिलेली, गुडघ्यांनी बेजार झालेली बाईच मग सापडते.

"ताई, यात फार बघण्यासारखं नाही हो," इंजिनियर म्हणाला. नळीचं सगळं काम त्याने उभं केलं होतं, म्हणून पोरीबाळी त्याला नळीवाला म्हणायच्या. "काम वेळेत झालं. खर्च ठरल्यात बसला. नमुना पोचायला अर्धा तास लागायचा, आता चार मिनिटं. तक्त्यात सगळं हिरवं, लाल खूण कुठे नाही."

"हिरवं बघून माझे डोळे निवले रे बाबा."

तो हसला, पण खुर्चीवरून उठला नाही. "मंगळवारी बैठक आहे. तुमचा आढावा चांगला आला तर मागच्या इमारतीत नळी मंजूर होईल. नाहीतर माझा करार या महिन्यात संपतोय. घरचे हप्ते चालू आहेत, ताई."

पोरगा मेहनती होता. नळीची चाचणी चालली होती तेव्हा तो छताच्या पोकळीत शिरून धुळीने माखून बाहेर यायचा. त्याच्या वाटेत काटे घालावेत असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

पण मागच्याच महिन्यात तिची धाकटी जाऊ याच इस्पितळात होती. ताप उतरला होता. सकाळी रक्त घेतलं, रिपोर्ट चांगला आला की घरी, असं ठरलं होतं. डॉक्टर नऊला फेरी करून गेले. रिपोर्ट आला साडेदहाला. डॉक्टर शस्त्रक्रियेत, संध्याकाळपर्यंत सही नाही, आणि आणखी एक रात्र खाटेवर. जाऊबाईंनी फोनवरून तोंड सोडलं होतं, "तुमची ती सूंसूं नळी काय नुसती वाजवायला बसवलीय का हो, वहिनी?"

तेव्हा ती हसली होती. आता तिने मूळ प्रस्ताव काढला, मंजूर झालेला. त्यात चार मिनिटांची बात कुठेच नव्हती. लिहिलं होतं: सकाळचे दहापैकी सात रिपोर्ट डॉक्टरांच्या नऊच्या फेरीआधी वॉर्डात येतील, रुग्ण त्याच दिवशी घरी जातील, खाटा मोकळ्या होतील. तिने संगणकावरून आठ महिन्यांच्या वेळा काढल्या, नळीच्या आधीच्याही काढल्या. आधी दहापैकी तीन. आताही तीनच.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे लॅबमध्ये जाऊन बसली. साडेसहापर्यंत डब्या येऊन पडल्या. धडाधड, एकामागून एक. रात्रपाळीचा एकटा तंत्रज्ञ त्यातले फक्त तातडीचे नमुने उचलत होता. बाकीचे ताटलीत नीट रांगेत उभे.

"यांचं काय?" तिने विचारलं.

"आठला दिवसपाळी येईल. मशीन तपासतील, मग लावतील," तो जांभई देत म्हणाला. "पूर्वी नमुने सातला यायचे. आता लवकर येतात, म्हणून जास्त वेळ थांबतात. चहा घेणार का, काकू?"

तिने घेतला. चहा पाणचट होता.

दुपारी लॅबच्या मॅडमना गाठलं. त्या जुन्या, सडेतोड. "अहो हिशेबताई, प्रस्तावाच्या पहिल्या मसुद्यात मी सकाळी सहाची पाळी मागितली होती. दोन माणसं जास्त. वरच्यांनी म्हटलं, खर्च फार दिसतोय, पैसे तीन वर्षांत वसूल व्हायला हवेत. माझी पाळी कापली."

"आणि फायदा? त्याच्यासमोर जबाबदार म्हणून तुमचं नाव आहे."

"तो कोण कापतंय? तो तसाच ठेवला. फायद्यासमोर माझं नाव घातलं होतं, हे मला आज तुमच्याकडून कळतंय!"

ही गोष्ट तिने जन्मभर पाहिली होती. खर्च खोडला जातो, फायदा मागे राहतो, आणि कुणाच्या नावावर आहे ते त्यालाच सांगत नाहीत. तिला चीड आली नाही, नुसता थकवा आला. पूर्वी आली असती.

तिने आढावा लिहिला. नळी वेळेत झाली, खर्चात बसली, उत्तम चालते. अपेक्षित फायदा मिळालेला नाही. कारण, सकाळची पाळी. पुढची नळी घालण्याआधी ती पाळी तीन महिने चालवून बघावी, मग फायदा पुन्हा मोजावा. बैठकीच्या आदल्या दिवशी तिने तो इंजिनियरसमोर ठेवला. पाठीमागून लिहिणं तिला जमत नसे.

त्याने वाचला. कान लाल झाले. "वाहून नेण्याचा वेळ वाचला, एवढंच घातलं असतंत तर? खोटं तर नव्हतं."

"खोटं नाही. पण कुणी घरी लवकर गेलं का, सांग ना."

"माझी नळी चोख आहे, ताई."

"अरे, तेच तर मी पहिल्या ओळीत लिहिलंय."

तो कागद टाकून निघून गेला.

मंगळवारी मोठे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे पैसे वाया गेले का?" लॅबच्या मॅडम काही बोलायच्या आत हिशेबताई म्हणाली, "नाही साहेब. अर्धं काम झालं, अर्धं आपणच कापलं." थोडी कुजबुज झाली. नवी नळी थांबली. सकाळच्या पाळीला तीन महिन्यांची मंजुरी मिळाली, तीही एकाच माणसाची. दुसरा पुढच्या अंदाजपत्रकात बघू, म्हणे. इंजिनियरच्या कराराचा विषय निघालाच नाही. निघाला नाही म्हणजे करार संपला.

संध्याकाळी ती आवरत होती तेव्हा तो दारात आला. बसला नाही.

"एक राहिलंय तुमच्या आढाव्यात," तो म्हणाला. आवाजात अजून राग होता. "सुरुवातीला हवेचा वेग जास्त होता. वळणांवर डबी आपटायची, नमुन्यातल्या रक्तपेशी फुटायच्या. पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसायचं, पुन्हा रक्त घ्यावं लागायचं. दोन आठवड्यांनी मी वेग उतरवला आणि डब्यांत फोम घातला."

"हे कुठे नोंदलंय का?"

"नाही. तेव्हा हिरवं दाखवायचं होतं ना. मागच्या इमारतीत पुढे कधी कुणी नळी घालेल. माझ्या जागी कुणी असेल. त्याला हे माहीत नसेल."

तिने बंद केलेला संगणक पुन्हा सुरू केला. तो सुरू व्हायला नेहमीसारखाच वेळ लागला. तिने शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली.

"बस. किती नमुने वाया गेले, ते आधी सांग."