सात फुटी शीट

दादाने व्यापाऱ्याला शब्द देऊन टाकला होता आणि आता कोणी काही बोलू नये, असा चेहरा करून तो रंधा मारत होता. अभ्यासिकेची साठ टेबलं म्हणजे त्याच्या छोट्या कारखान्याची आजवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. त्यात प्लायची शीट दीड हजाराला देणारा लांबचा व्यापारी सापडलेला, आणि जवळचा वखारवाला एकोणीसशेच्या खाली उतरायला तयार नाही. मग स्वारी हुरळणारच.

धाकटी बहीण हुरळणाऱ्यांतली नव्हती. लांबचा व्यापारी सगळी रक्कम आगाऊ मागत होता आणि अभ्यासिका पैसे देणार टेबलं पोचल्यावर महिन्याने. मधे दोघा सुतारांचा पगार कुठून काढायचा? पुन्हा पगार रखडला तर आम्ही चाललो, असं ते गेल्या वेळी तोंडावर सांगून बसले होते. ते गेले तर साठ टेबलांचं दादा एकटा काय डोंबल करणार होता?

"दादा, त्याची शीट केवढी?"

"सात बाय चार. का गं?"

तिने खडूने फरशीवर दोन चौकटी आखल्या, एक सात फुटी, दुसरी वखारवाल्याची आठ फुटी. "टेबलाच्या वरच्या फळ्या तूच मांड यात."

फळी तेवीस इंच रुंद आणि शीटच्या रुंदीएवढीच, चार फूट लांब. दादा गुडघ्यांवर बसला. आठ फुटांत करवतीची जागा सोडूनही चार बसल्या. सात फुटांत तीनच, वर सव्वा फुटाची पट्टी उरली.

"पट्टीचे कप्पे करू."

"ऑर्डरमध्ये कप्पे आहेत कुठे?"

दादाचा चेहरा पडला. तिला वाईट वाटलं, पण सांगायचं ते तिने सांगितलंच. तिकडच्या शीट लागणार वीस, भाडं-हमाली धरून सोळाशेला एक, म्हणजे बत्तीस हजार. इकडच्या पंधरा, दारात पोच, साडेअठ्ठावीस. शिवाय त्या व्यापाऱ्याकडून माल घेणाऱ्या एका दारं-खिडक्यांच्या कारखानदाराला तिने फोन केला होता. पाचातल्या तीन खेपा त्याला आठवडाभर उशिरा मिळाल्या होत्या.

"मग मी शब्द दिला त्याचं काय?"

"पैसे कुठे दिलेत? फोन कर आणि खरं कारण सांग."

दादाने फोन केला. दुसऱ्या दिवशी दोघं वखारीत गेली. तासभर घासाघीस करून बहिणीने दोन खेपा ठरवल्या. पहिल्या आठ शीटचे पैसे रोख, दुसऱ्या सातांचे माल आल्यावर पंचेचाळीस दिवसांनी. खराब निघालेली शीट बदलून मिळणार, हे बिलावर लिहूनच घेतलं.

दोन्ही खेपा ठरलेल्या दिवशी आल्या. हाताशी राहिलेल्या पैशांत पगारही एक तारखेला झाले. दोघं सुतार कुठेही गेले नाहीत.

शेवटची टेबलं टेम्पोत भरत असताना स्क्रूवाला स्वस्तातला भाव घेऊन आला. दादा हातातलं टेबल खाली ठेवून हात पुसत म्हणाला, "भाव राहू द्या. इथे पोचून कितीला पडेल आणि उशीर झाला तर काय करणार, ते आमच्या बहिणीला सांगा. खरेदी त्याच बघतात."

आजवर ती फक्त बिलं लावून ठेवायची. तिने खुर्ची पुढे ओढली आणि स्क्रूवाल्याला बसायला सांगितलं.