लपवलेला ईमेल

तारिहाळच्या कारखान्यात दिवसभर व्हॉल्व्ह तपासून माझे डोळे तसेही शिणलेले असतात. त्यात गुरुवारी माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला आणि कायमचा गेला. तो लोकेशचा जुना आयफोन. लोकेश माझा धाकटा भाऊ, बायको आरुषीबरोबर बेंगळूरला असतो. स्वतःला नवा घेतला तेव्हा जुना मला देताना म्हणाला होता, "अक्का, माझंच अकौंट राहू दे यात. नवं काढायची कटकट कशाला?" मला तरी कुठे हौस होती. राहू दिलं.

शुक्रवारी साधा अँड्रॉइड फोन घेतला. बँक, व्हॉट्सअ‍ॅप, कारखान्याची हजेरी, सगळं मुकाट्यानं सुरू झालं. एकच गोष्ट अडली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. ते लग्नाची स्थळं बघायचं अ‍ॅप होतं.

दोन वर्षांपूर्वी मी त्यावर नाव घातलं होतं, घरात कुणाला न सांगता. पहिल्या लग्नानं मला पुरतं पिळून काढलं होतं. घटस्फोट झाला तेव्हा लोकेश म्हणाला होता, "आता पुरे, अक्का. पुन्हा त्या खाईत नको." आईनंही मान डोलावली. त्यांच्या मायेनंच माझी वाट बंद झाली होती, आणि मायेशी भांडायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. म्हणून चोरून.

त्या अ‍ॅपवर मला संजीव भेटले. अळणावरकडचे, रेल्वेत नोकरी, बायको जाऊन चार वर्षं झालेली. फोन नंबर मी दिला नाही, त्यांनीही मागितला नाही. अ‍ॅपमध्येच लिहायचो. बुधवारी त्यांनी लिहिलं, "रविवारी धारवाडला येतोय, तिथून तुमच्याकडेही येता येईल. भेटायचं असेल तर कुठे ते कळवा. उत्तर आलं नाही तर तुमची इच्छा नाही असं समजेन. राग मानणार नाही."

मी उत्तर दिलं नाही. एक दिवस विचार करू म्हटलं. गुरुवारी फोन बुडाला.

नव्या फोनवर अ‍ॅप म्हणालं, ईमेल टाका, कोड पाठवतो. मी माझा ईमेल टाकला. या ईमेलवर खातं नाही. कारखान्याचा टाकला. खातं नाही. जुन्या आयफोनवर चेहरा दाखवला की अ‍ॅप उघडायचं, ईमेल विचारायची वेळच कधी आली नव्हती. मेलमध्ये अ‍ॅपचं नाव घालून शोधलं तर एकही पत्र सापडेना. मदत केंद्राला लिहिलं. त्यांनी नम्रपणे कळवलं की नावावरून किंवा फोटोवरून खातं शोधून देता येत नाही, नोंदणीचा ईमेल सांगा. बरोबरच आहे म्हणा. उद्या कुणीही माझं नाव सांगून आत शिरेल. नवं खातं काढावं तर तपासणीला आठवडा लागणार. आणि अळणावर स्टेशनावर जाऊन "इथे संजीव कोण?" असं विचारायची माझ्यात हिंमत नव्हती.

शनिवारी कामावरून सुटले आणि तशीच दुर्गदबैलच्या बाजारात सुधींद्रच्या दुकानात गेले. मोबाइल दुरुस्तीत त्याचा हातखंडा आहे आणि तोंड बंद ठेवतो. त्यानं बुडालेला फोन उघडून बघितला आणि मान हलवली.

"इल्ल री अक्का, हा गेला. कुठलं अ‍ॅप उघडेना ते सांगा."

"एक आहे," मी म्हटलं. त्यानं पुढे विचारलं नाही.

"पहिल्यांदा आत जाताना ईमेल लिहिला होता, का आयफोनच्याच अकौंटनं आत जायचं बटण दाबलं होतं?"

बटण. मला ती चौकट आठवली. दोन पर्याय होते, ईमेल दाखवा आणि ईमेल लपवा. पहिल्याखाली लोकेशचाच ईमेल दिसत होता. तो बघून तर मी घाबरून दुसरा निवडला होता. नाव लोकेशचं येत होतं, तेवढं बदलून सुकन्या केलं आणि सुटले बाई एकदाची, असं म्हटलं होतं.

सुधींद्रनं ऐकून घेतलं. "मग आयफोनवाल्यांनी एक खोटा पत्ता बनवून अ‍ॅपला दिला असणार. कसलीतरी अक्षरं-आकडे, आणि पुढे प्रायव्हेट रिले. तुमचं खातं त्या पत्त्यावर आहे. ज्याचं अकौंट आहे, त्याच्या सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या नावासमोर तो पत्ता दिसतो. तुमचा फोन गेला तरी त्याच्या फोनवर दिसेल."

"म्हणजे माझ्या भावाच्या."

"हौदु, त्याच्याच. आणि त्या पत्त्यावर आलेले मेलही त्याच्याकडेच जातात."

"लपवलाय ना पण?"

"अ‍ॅपपासून लपवलाय, अक्का. भावापासून कुठे?"

मी तिथल्या स्टुलावर बसले. दोन वर्षं. संजीवांनी लिहिलं की अ‍ॅप मेल पाठवत असणार, आणि प्रत्येक मेल लोकेशकडे. ज्याच्यापासून दडवायचं म्हणून ते बटण दाबलं, त्याच्याच दारात मी रोज वर्दी पाठवत होते. लाज वाटली, त्याहून जास्त राग आला, आणि दोन्हीपेक्षा जास्त थकवा. वाटलं, जाऊ दे. न बोलता रविवार जाऊ दे. संजीव समजून घेणार आहेतच.

मग वाटलं, ते समजून घेतील, पण ते खोटं असेल. माझी इच्छा आहे.

दुकानाबाहेर येऊन लोकेशला फोन लावला.

"जय भीम, अक्का."

"जय भीम. लोकेश, तुझ्या फोनवर एक पत्ता बघायचा आहे." कशाचा ते मी सांगितलं नाही.

तो म्हणाला, "त्या अ‍ॅपचा?"

"तू वाचतोस?"

"वाचायला काही नसतंच त्यात. नुसतं येतं, संजीव यांनी तुम्हाला निरोप पाठवला आहे. आरुषी कधीमधी माझा मेल बघते, म्हणून सगळे वेगळे ठेवलेत. ते पुढे पाठवणं बंद करता आलं असतं मला. पण तुझं काही अडलं तर, म्हणून हात लावला नाही."

"बोलला का नाहीस?"

"तू सांगितलं नाहीस. आणि मी कुठल्या तोंडानं विचारणार? पुरे म्हणणारा मीच." मग म्हणाला, "जूनमध्ये महिनाभर एकही आला नाही. मला वाटलं भांडलात."

"त्यांची आई दवाखान्यात होती."

"असं होय," तो म्हणाला. एवढा सुटकेचा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

त्यानं पत्ता एकेक अक्षर सांगितला, मी टाकला. या वेळी अ‍ॅप म्हणालं, कोड पाठवला आहे. तो अर्थात त्याच्याकडे गेला. त्यानं वाचून दाखवला आणि मी आत शिरले. संजीवांचा बुधवारचा निरोप तसाच वर होता. त्याखाली मी लिहिलं, "उद्या अकरा वाजता, उणकल तळ्याची बाग. फोन बिघडला होता, म्हणून उशीर झाला. इच्छा आहे."

"झालं?" लोकेशनं विचारलं.

"झालं. आता ईमेल बदलून माझा घालते. म्हणजे तुला त्रास नको."

बदलला. माझ्याच मेलवर कोड आला, तो टाकला. मी त्याला सांगितलं, आता यापुढे तुझ्याकडे काही येणार नाही.

रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट होता, तरी त्याचा श्वास मला ऐकू आला.

"मग मला कळणार कसं, अक्का?"

मला रडू आलं, तिथेच, सुधींद्रच्या दुकानासमोर. "मी सांगेन," मी म्हटलं. "उद्या भेटून आले की पहिला फोन तुला."