दुसऱ्या गंजातलं पीठ

पारशिवनीजवळच्या आपल्या गावात बायजाबाईचं नाक म्हणजे हायकोर्ट होतं. कुणाच्या घरची ज्वारीची आंबील जास्त आंबली, ती प्यावी की फेकावी असा वाद पडला, की बाया गाडगं घेऊन थेट तिच्या ओसरीवर यायच्या. बायजाबाई वाकून एकदाच वास घ्यायची आणि निकाल द्यायची. त्यावर अपील नव्हतं.

असं नाक घेऊन ती उन्हाळ्यात नागपूरजवळच्या वाडीला मुलाकडे आली आणि आल्या दिवसापासून ते मुरडायला लागली. मुलगा लहानू ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरच. सून वच्छला भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून गोदामांतल्या हमालांना इडली-डोसे विकायची. शेजारच्या मद्रासी ड्रायव्हरच्या बायकोकडून ती ते शिकली होती. "भाकरी सोडून हे पांढरं भुसभुशीत काय खाऊन राहिले लोकं?" असं बायजाबाई म्हणायची आणि म्हणता म्हणता चार इडल्या संपवायची.

त्या मे महिन्यात घरात एकच विषय होता. नाक्यावरच्या नव्या गोदामात कँटीनसाठी नळाची, पक्क्या छताची खोली बांधली होती. मुकादम ताराचंदने वच्छलाला सांगून ठेवलं होतं, "उद्घाटनाचा नाश्ता तू कर. जमला तं कँटीन तुह्यी." दुसरा एक खानावळवाला टपून बसलाच होता. वच्छलाने दिवसभर रगड्यावर तांदूळ आणि उडीद वाटून दोन मोठे गंज, म्हणजे उभी पातेली, भरले. आणि ऐन सकाळी, पीठ फुगून तयार असताना निरोप आला, की गोदामाच्या शेठची मोटार वाटेत बंद पडलीय, उद्घाटन उद्यावर गेलं.

नागपूरच्या मे महिन्यात पीठच काय, माणूसही आंबतो. वच्छला बर्फ शोधायला वाडीभर फिरली, तोवर बायजाबाईने स्वतःच्या डोक्याने कारभार केला. गावाकडे ती दूध ठेवायची तसं तिने केलं. एक गंज उचलून रांजणाच्या बुडाशी ओल्या जागेत ठेवला, वरची झाकणी काढली, म्हणजे पिठाचा जीव कोंडायला नको, आणि गोदामातून आणलेलं एक पोतं भिजवून वर पांघरलं. दुसरा गंज जड होता, तो राहिला कोपऱ्यातच. वच्छला बर्फाशिवाय, घामाने निथळत परत आली. "एक गंज म्या थंड्यात ठेवला," सासू म्हणाली. बिचारीला तेवढंच बरं वाटलं. वर काय पांघरलंय ते पाहायचं तिला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ताराचंद सामान न्यायला हातगाडी घेऊन दारात हजर झाला, आणि त्याच्यादेखत दोन्ही गंज उघडले गेले.

कोपऱ्यातल्या गंजाचा आंबट वास दारापर्यंत आला. पीठ फुगून बाहेर उतू गेलं होतं, मग खाली बसलं होतं आणि वर पाणी सुटलं होतं. ताराचंदने नाकाला रुमाल लावला. रांजणाजवळचा गंज मात्र शहाण्या मुलासारखा शांत होता. उतू गेला नव्हता, वासही फारसा नव्हता. बायजाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आता बोला म्हणावं!

"हे नासलं, हे फेका," ताराचंद म्हणाला. "मायचा गंज घ्या, अन् अर्ध्या अर्ध्या इडल्या वाढा. शेठले इडलीच सांगून ठेवली म्या."

वच्छला गंजांपाशी बसली. आधी कोपऱ्यातला गंज तिने दाराच्या उजेडात ओढला. पीठ पांढरं होतं, बारीक बुडबुडे होते, कुठे बुरशी नाही, की रंग नाही. पळीने वरचं पाणी ढवळून तिने वास घेतला. मग तिने दुसरा गंज उजेडात घेतला आणि तिचा चेहरा उतरला. जिथे ओलं पोतं पिठाला टेकलं होतं, तिथे काठाशी गुलाबी डाग धरला होता. डागाखालून बारीक गुलाबी रेघा आत उतरल्या होत्या. पळी उचलली तर पिठाची तार लोंबली.

"आत्याबाई, तुमीच वास घ्या," ती हळूच म्हणाली.

बायजाबाई वाकली. पहिल्या गंजात आंबट होतं, झणझणीत आंबट, पण स्वच्छ. उन्हाळ्यातल्या जुन्या आंबिलीचा वास. हा वास तिने जन्मभर पोटात घातला होता. मग ती दुसऱ्यावर वाकली. वर थोडं आंबट, आणि त्याखाली कुबट, सडक्या फडक्याचा वास. पोत्यातून थेंब थेंब घाण पाणी रात्रभर गंजात ठिबकलं होतं, आणि ते पोतं तिने स्वतःच्या हाताने पांघरलं होतं.

"इतकासा तं डाग हाय," ताराचंद घाईला आला होता. "वरचं काढून टाका. वाफेत सारं मरते."

"नाही मरत," वच्छला म्हणाली. "किडे मरतीन, पण त्यायनं सोडलेलं विष राह्यते. अन् डाग वर दिसते, आतमंदी कुठवर गेला ते दिसत नाही. शंका आली का जीभबी नाही लावाची, असं मले शिकवलं हाय."

"अन् मंग कँटीन?"

वच्छलाचे डोळे भरून आले, पण तिने मान खाली घातली नाही. ताराचंद बायजाबाईकडे वळला. "माय, गावात तुह्या नाकाचं नाव हाय म्हंते लहानू. तूच सांग, चालते का नाही?"

चालते म्हटलं असतं तर बायजाबाईचा गंजही राहिला असता आणि तोराही. हायकोर्टावर अपील नव्हतंच. तिने सुनेकडे पाहिलं. हातातली कँटीन जात असताना ही पोरगी हमालांच्या पोटाला जपून राहिली होती, आणि सासूने केलेल्या घोटाळ्याबद्दल मुकादमासमोर अवाक्षर काढत नव्हती.

बायजाबाईने पदर खोचला, गंज दोन्ही हातांनी उचलला आणि मागच्या खड्ड्यात पालथा घातला. वर माती लोटली.

"म्या नासवलं," ती ताराचंदला म्हणाली. "ओलं पोतं म्या टाकलं. माह्या सुनेचं पीठ तं हे हाय, आंबट, पण खरं."

ताराचंद डोक्याला हात लावून बसला. वच्छला मात्र कामाला लागली होती. बसलेल्या पिठाची इडली दगडासारखी होते, हे तिला ठाऊक होतं. तिने आंबटपणा मारायला त्यात ताजं तांदळाचं पीठ आणि रवा कालवला, कांदा आणि हिरवी मिरची चिरून घातली, आणि गोदामाच्या अंगणात तवा तापवला. जाड जाड डोसे दोन्ही बाजूंनी लाल होईपर्यंत ती सोडत नव्हती. पुरेनासं दिसलं तेव्हा बायजाबाईने शेजारची चूल पेटवून भाकरी थापायला घेतल्या.

शेठने इडलीचं विचारलं. वच्छला उभी राहून सरळ म्हणाली, "एक गंज नासला, फेकला. दुसरं पीठ जास्त आंबलं, त्याचे डोसे केले." शेठने एक तुकडा तोडला, चावला, आणि दुसरा डोसा मागितला. हमालांचं तर विचारूच नका. सावनेर-पारशिवनीकडची ती माणसं, आंबिलीवर वाढलेली. ती आंबट चव जिभेला लागली आणि पंगत तव्यापाशीच सरकली.

ताराचंदने खिशातून किल्ली काढून वच्छलाच्या हातावर ठेवली. "जी बाई माह्यासमोर गंज फेकते," तो म्हणाला, "तिच्या हातचं मी डोळे मिटून खाईन."

बायजाबाईने पदर तोंडाला लावला. गंज कुणी फेकला होता, हे सांगायची आज तिला गरज वाटली नाही. तिचा ऊर इतका भरून आला होता, की भाकरी तव्यावर करपली तरी तिला कळलं नाही.

तेवढ्यात पारशिवनीकडचा एक म्हातारा हमाल भाकरी घ्यायला आला. तिच्याकडे निरखून पाहत त्याने विचारलं, "ओळखीची वाटून राहिली वं माय. कोणाची तू? लहानूची माय का?"

बायजाबाईने भाकरी उलटली, मान ताठ केली आणि ती अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मी वच्छलाची सासू."