धोंडूबाईंचा जबाब, पन्नास सेकंद

बिस्किटांच्या गोदामाचं वर्षभराचं कंत्राट आम्हाला मिळालं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. आत्ता सोमवार आहे, महिना संपायला चार दिवस आहेत आणि आमच्याकडे कंत्राट सोडा, चौकशीसुद्धा नाही.

आम्ही म्हणजे मी हितेश आणि माझा भागीदार बुद्धभूषण. भिवंडीतल्या गोदामांमधले उंदीर घालवणं हा आमचा व्यवसाय. बाबांनी, म्हणजे रामनाथशेठनी, मुदत दिली होती: महिनाअखेर एक मोठं काम आण, नाहीतर पडघ्याला भावोजींच्या वजनकाट्यावर बस. भावोजींनी माझ्यासाठी खुर्ची आणूनही ठेवली होती. चाकं नसलेली.

अडचण अशी, की अनोळखी माणूस फोनवर "उंदीर" हा शब्द ऐकताच फोन ठेवतो. म्हणून बुद्धभूषणने डोकं लढवलं. जुन्या गिऱ्हाइकांचे छोटे व्हिडिओ घ्यायचे आणि आपण फोन करायच्या आधीच नव्या माणसाला पाठवायचे.

पहिला व्हिडिओ टेमघरच्या यंत्रमागवाल्या चिंधूशेठचा. मजकूर मी लिहिला, बुद्धभूषणने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत काढून कॅमेऱ्यामागे धरला. चिंधूशेठ एरवी शिव्यांशिवाय चहाही मागवत नाहीत. ते ताठ बसून म्हणाले, "सदर संस्थेची सेवा अत्यंत समाधानकारक व व्यावसायिक आहे." डोळे डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. मागे लूमचा खडखडाट.

अकरा जणांना पाठवला. दहा जणांनी नुसता बघितला. अकराव्याने विचारलं, "माणूस सुखरूप आहे ना?"

"आता लिहून द्यायचं नाही," बुद्धभूषण म्हणाला. "तीनच प्रश्न. आधी काय त्रास होता, आम्हाला बोलवायला का कचरत होता, आता काय फरक आहे. बाकी आपण गप्प."

"तुला जमेल?"

"मला जमेल. तुझ्या तोंडाला चिकटपट्टी लावू."

मंगळवारी आम्ही पडघ्याला धोंडूबाईंकडे गेलो. स्वतःच्या जमिनीवर गोदाम बांधून त्यांनी ते तांदळाच्या व्यापाऱ्याला भाड्याने दिलंय. बुद्धभूषणने त्यांना खिडकीसमोर उजेडात बसवलं, पंखा बंद केला, पदराला छोटा माईक लावला आणि विचारलं, "मावशी, हा व्हिडिओ आम्ही नव्या लोकांना पाठवला तर चालेल ना?"

"चालंल. पन मना इचारलंस ते बरं केलंस. रस्त्यात जमीन गेली तवा कोनी इचारलं न्हाय."

इथेच घोटाळा झाला. रस्त्याच्या भूसंपादनात धोंडूबाईंनी सात वेळा जबाब दिलाय. समोर कोणी प्रश्न विचारायला बसलं की त्यांचा जबाबच सुरू होतो.

"मी धोंडूबाई, वय बासष्ट, राहनार पडघा, कोनाच्या दबावाखाली न येता सांगतंय," त्या सुरू झाल्या. "माझ्या गोदामात आठवड्याला चार गोनी फाटत व्हत्या. भाडेकरू सोडून जातो म्हनला. ही पोरं बघून मना वाटलं, यांना उंदीर घाबरतील का? पन यांनी शटरखालची फट बुजवली, पिंजरं लावलं, एकोनीस धरलं. बाकीचं आपल्या पायानं गेलं. दोन म्हैनं झालं, एक गोनी फाटली न्हाय. पोरं पयल्या दिवशी एक तास उशिरा आली. दोन दोन कप चा प्याली. एक कप फोडला, तो यानं." बोट माझ्याकडे.

घरी येऊन मी म्हटलं, "उशीर आणि कप काप."

"तेच ठेवायचं," बुद्धभूषण म्हणाला. "कप फुटला म्हणजे बाई खरी आहे." त्याने फक्त शेवट छाटला, पन्नास सेकंदांत बसवला आणि खाली अक्षरं टाकली, कारण ऑफिसात लोक आवाज बंद करून बघतात. दोन्हीकडे अन्नाचंच गोदाम, म्हणून तो बिस्किटांच्या गोदामाच्या मॅनेजर निशा मॅडमना पाठवला.

बुधवारी मी फोन केला. पाठ केलेली ओळख सुरू करणार, तोच पलीकडून आवाज आला, "कप फोडणारे तुम्हीच ना?"

"हो मॅडम."

"उद्या या. दहाला बोलावते, म्हणजे अकराला पोचाल. आमच्याकडे स्टीलचे ग्लास आहेत."

दर नंतर ठरला, फटी नंतर मोजल्या. शुक्रवारी सही झाली. म्हणजे पहिलं वाक्य आता तुम्ही वाचलं असं समजायला हरकत नाही. वजनकाट्यावरच्या खुर्चीत आता भावोजींचं मांजर बसतं.

पेढे घेऊन पडघ्याला गेलो तर धोंडूबाई खवळलेल्या. व्हिडिओ त्यांनी पाहिला होता.

"माझा शेवट कुठं हाय? इनंतीशिवाय जबाब पुरा होतो का रं?"

परवानगी त्यांची, म्हणून व्हिडिओही त्यांचा. छाटलेला शेवट बुद्धभूषणने मुकाट्याने परत जोडला. आता प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला तो संपूर्ण जातो:

"तरी मेहरबान साहेबांनी माझ्या गोदामातून आपल्या पायानं गेलेल्या उंदरांचा सध्याचा पत्ता मना पंधरा दिवसांत लेखी कळवावा, ही नम्र इनंती."