एका इमेलच्या दोन रश्मी

वेबसाइटवर गूगलचं बटण लावायची घाई दीक्षानं केली नव्हती. ती केली ऑफिसच्या फोननं. अमरावतीत राजापेठेतल्या दोन खोल्यांत सिकलसेलच्या पेशंटांसाठी काम करणारी संस्था चालायची, आणि तिच्या वेबसाइटचं सगळं काम एकटी दीक्षा बघायची. साइटवर पेशंटांचे रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांच्या नोंदी, रक्त चढवल्याच्या तारखा असायच्या. लोक पासवर्ड विसरायचे. सकाळी दहापासून फोन सुरू. "मॅडम, उघडूनच नाई राहिलं."

संस्थेचे प्रमुख गोवर्धन सर निवृत्त पॅथॉलॉजिस्ट होते. तेच एक दिवस म्हणाले, "प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये गूगलचं खातं असतंच. त्यानंच आत येऊ दे ना लोकांना. पण एका माणसाची दोन खाती नको व्हायला. अर्धे रिपोर्ट इकडे, अर्धे तिकडे, असं झालं तर डॉक्टरनं काय पाहायचं?"

सरांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून दीक्षानं असं लिहिलं, की कुणी गूगलनं आत आला, तर गूगल त्याचा इमेल कळवेल आणि हा इमेल ह्याचाच आहे, आम्ही तपासलंय, असंही सांगेल. मग आपल्याकडे त्याच इमेलचं जुनं खातं असलं, तर दोन्ही जोडून टाकायची. गूगलचं ते "तपासलंय" तिनं न विसरता बघितलं होतं. स्वतःच्या पाच-सहा इमेलांवर करून पाहिलं. सगळं नीट जुळलं. फोन कमी झाले, तेव्हा सरांनी सगळ्यांना कचोरी खाऊ घातली.

तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, अकोल्याहून फोन आला.

"मी नागसेन वानखडे बोलून राहिलो, जुन्या शहरातून," आवाज जड होता. "तुमच्या साइटनं माह्या पोरीले एसएस देल्लं. काल पावने घरात बसले होते."

एसएस म्हणजे सिकलसेलचा आजार. एएस म्हणजे नुसता वाहक, आणि एए म्हणजे काहीच नाही. दीक्षानं नाव विचारलं. रश्मी नागसेन वानखडे. अकोल्याच्या कॉलेजातल्या शिबिरात तिनं तपासायला रक्त दिलं होतं. रिपोर्ट साइटवर येईल, असं तिला सांगितलं होतं. काल मुलाकडची माणसं दर्यापूरहून आली होती. मुलाचे काका शाळेत शिक्षक, शिकलेले. त्यांनी स्वतःच म्हटलं, की आजकाल लग्नाआधी दोघांचाही सिकलसेलचा रिपोर्ट पाहून घेतलेला बरा. मुलाचा त्यांनी सोबत आणलाच होता. रश्मीला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं मोबाइल काढला, गूगलचं बटण दाबलं, पान उघडलं आणि वाचायच्या आधीच काकांच्या हातात दिला.

"पोरगी कालपासून जेवली नाई," नागसेन म्हणाले. "आमच्या घरात कोनालेच नाई हो हा आजार. मंग तिले कसा झाला?"

"काका, मला अर्धा तास द्या," दीक्षा म्हणाली.

अर्धा तास लागलाच नाही. रश्मीचा शिबिरातला नमुना तिनं नंबरावरून शोधला. प्रयोगशाळेचा रिपोर्ट येऊन पडला होता, फक्त खात्याला जोडायचा राहिला होता. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, एए. मग तिनं रश्मीच्या गूगलला जोडलेलं खातं उघडलं. खातं दोन वर्षांपूर्वीचं होतं. नाव रश्मी वानखडे, जन्मसाल तेच, आणि गाव तिवसा. रिपोर्ट एसएस. तीनदा रक्त चढवलेलं. काल रविवारी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी ह्या खात्याला अकोल्याच्या रश्मीचं गूगल जोडलं गेलं होतं. दीक्षानं लिहिल्याप्रमाणेच, काही न चुकता.

तिवशाचं शिबिर किशोरनं घेतलं होतं. संस्थेचा जुना कार्यकर्ता. दीक्षानं त्याला आत बोलावून कॉम्प्युटरचा पडदा दाखवला.

"किशोरभाऊ, हा इमेल कोणी दिला होता?"

किशोरनं वाकून बघितलं. "कोनी नाई देल्ला, मॅडम. त्या मायलेकींजवळ इमेल कुठचा? पन इमेल टाकल्याबिगर फॉर्म पुढंच जात नव्हता. बाहेर साठ लोकं उभे. मंग मी नाव, आडनाव अन् जन्मसाल जोडून जीमेलचा पत्ता टाकून देत होतो."

"सगळ्यांचेच?"

"ज्यायले नव्हते त्यायचेच." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "कावून, काई झालं काय?"

दीक्षा त्याला रागावली नाही. इमेल सक्तीचा करणारा तो फॉर्म तिचाच होता. शिबिरात नेटवर्क नसतं म्हणून इमेल तपासायचं पत्र पाठवणं बंद ठेवलं होतं, तेही तिनंच. किशोरनं मनानं रचलेला तो पत्ता जगात खरोखर कुणाचा तरी होता, अकोल्याच्या रश्मीचा. गूगल खोटं बोललं नव्हतं. इमेल तिचाच होता. प्रश्न एवढाच होता, की जुन्या खात्यातला इमेल त्या खात्याच्या मालकाचा आहे का, आणि हे दीक्षानं कुणालाच विचारलं नव्हतं. एका बाजूचं तपासलं, दुसऱ्या बाजूचं गृहीत धरलं.

तिनं आधी गूगलचं बटण बंद केलं. मग मोजलं. कधीच न तपासलेल्या इमेलांची दोनशे तेरा खाती होती. त्यांतली एकोणीस ह्या तीन आठवड्यांत गूगलशी जोडली गेली होती. एकोणिसांत किती जणांनी स्वतःचंच खातं उघडलं आणि किती जणांनी दुसऱ्याचं, हे पडद्यावरून कळायला काहीच मार्ग नव्हता. तिनं एकोणीसच्या एकोणीस जोडण्या तोडल्या, उघडी राहिलेली पानं बंद केली आणि गोवर्धन सरांना फोन केला. सरांनी ती एकोणीस नावं लिहून घेतली. मग म्हणाले, "एकेकाला फोन करून खरं काय ते सांगू. तू आधी अकोल्याला जा."

दुपारी ती अकोल्याला पोचली. मोर्णा नदीच्या पुलापलीकडे, बाजारामागच्या गल्लीत वानखड्यांचं घर. रश्मी दारातच उभी होती. एमएस्सी झालेली, एका शाळेत तासिकेवर शिकवणारी. तिनं एएचा कागद घेतला, दोनदा वाचला आणि भिंतीला टेकून खालीच बसली. रडली नाही.

"म्हणजे मले काहीच नाई," ती म्हणाली.

"काहीच नाही. चूक आमची. माझी."

नागसेननी तिथूनच दर्यापूरला फोन लावला, स्पीकरवर. मुलाचे काका फार सभ्यपणे बोलले, आणि त्यांचं ते सभ्य बोलणंच दीक्षाला सहन होईना. तिनं स्वतः सगळं सांगितलं, दोन रश्मी, एक इमेल, चुकीची जोडणी. काकांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मॅडम, तुमी खरंच बोलत असाल," शेवटी ते म्हणाले. "पन पाहा, काल एसएस, आज एए. उद्या आनखी काही निंगालं तं? आमच्या घरात बायांनी आता मनात घेऊन घेतलं. मी एकटा काय करू?"

"तुम्ही म्हणाल त्या लॅबमध्ये पुन्हा तपासू, काका. तुमच्यासमोर."

"नाई नाई, त्याची काई गरज नाई. पोरगी चांगलीच हाय, तिले चांगलंच स्थळ भेटन." आणि फोन ठेवण्याआधी ते सहज म्हणून गेले, "मी काल त्या पानाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. तिथंच साऱ्यायनं पाह्यला."

दीक्षाला ते पान आठवलं. त्यावर नावाखाली बारीक अक्षरांत गाव होतं, तिवसा.

ती दुसऱ्या दिवशी तिवशाला गेली, तोवर उशीर झालेला होता. दर्यापूरच्या कुणाची तरी सासुरवाडी तिवसा निघाली. फोटो फिरत फिरत आला, आणि तिवशात रश्मी वानखडे एकच होती. ती बायकांचे ब्लाउज शिवायची, चार मुलींना शिवण शिकवायची. आज चारातल्या दोनच आल्या होत्या. ती मशीनवर बसून होती, पण मशीन चालवत नव्हती. तिची आई इंदूबाई दीक्षाशी बोलली.

"आमी कोनालेच सांगतलं नव्हतं बाई," इंदूबाई म्हणाल्या. "दुखणं आलं का अमरावतीले यावं, रक्त चढवून जावं. शेजाऱ्यायनं इचारलं तं अशक्तपना सांगावं. तुमच्याच मानसानं म्हनलं होतं, साइटवर कोनाले दिसत नाई म्हनून."

"हो मावशी. म्हटलं होतं."

"मंग?"

दीक्षानं साध्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. सांगताना तिच्याच लक्षात आलं, की ह्या बाईला इमेल म्हणजे काय हेही माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या त्या गोष्टीनं हिच्या घरातलं बाहेर नेलं होतं. इंदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तो फोटो तुमाले पुसता येते का? लोकायच्या मोबाइलातून?"

"नाही येत, मावशी."

"एकाच्या बी नाई?"

"नाही."

मशीनवरून रश्मी पहिल्यांदा बोलली. "माह्यं खातं बंद करून टाका."

"बंद करता येईल. पण तुझ्या गोळ्यांची सगळी नोंद त्यात आहे. डोस कधी वाढवला, रक्त कधी चढवलं. अमरावतीचे डॉक्टर तेच बघतात. मी इमेल काढून टाकते. तुझ्या फोनवर आकडा येईल, तो टाकल्याशिवाय कुणाला उघडणार नाही. गूगल तुला जोडायचंच असलं, तर आधी तो आकडा टाकून आत यायचं, मग जोडायचं. बाहेरून कुणी जोडू शकणार नाही. हे आता सगळ्यांसाठीच करतेय."

"आता करून राहिल्या," रश्मी म्हणाली. त्यात राग नव्हता. "बंद करा, दीदी. कागदावर लिहून द्या मले सारं. मी कागद घेऊन जाईन."

दीक्षानं आणखी एकदा समजावून पाहिलं. रश्मी पुन्हा बंदच करा म्हणाली. शेवटी दीक्षानं लॅपटॉप उघडला, तिथल्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून दोन वर्षांच्या नोंदी छापून आणल्या, आठ पानं झाली, आणि तिच्यासमोर खातं मिटवलं. इंदूबाईंनी पानं घडी न घालता गादीखाली सपाट ठेवली.

"चहा घेता काय?" त्यांनी विचारलं.

दीक्षाला नको होता. पण नाही म्हणायचीही तिला लाज वाटली. ती बसली. इंदूबाई आत गेल्या. रश्मीनं मशीनखालचा कपडा सरळ केला आणि शिवायला घेतला. तेवढ्यात दीक्षाचा फोन वाजला. गोवर्धन सर होते. एकोणिसांपैकी अकरा जणांशी बोलून झालं होतं. आणखी एक जोडणी चुकीची निघाली होती, धामणगावची.