पेटी चढत नाही

गनीभाईंची नगरभर ख्याती होती की कव्वाली रंगली, की त्यांचा आवाज चढत जातो. पुरावा एकच होता, पाथर्डीच्या उरुसात भरलेली जुनी कॅसेट. तिची सीडी करायला ते बायकोला, बद्रुन्निसाभाभींना, घेऊन माझ्या रेकॉर्डिंगच्या दुकानात आले.

मी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली आणि माझं डोकंच फिरलं. गनीभाईंबरोबर साथीच्या पेटीचा सूरही चढत होता.

"अहो, गवई चढेल, पेटी कशी चढेल? तुमच्या टेपचे सेल उतरत गेले, मोटर मंदावली. मंद भरलेली कॅसेट चांगल्या मशीनवर पळते."

"सीमाताई, ती वरच्याची देन हाय."

ती देन मी दुरुस्त केली. पेटीचा सूर शेवटपर्यंत एकच राहील, असा वेग हळूहळू उतरवला. मग गाण्याआधीच्या शांत जागेतून टेपच्या सूं-सूंचा नमुना घेऊन ती कमी केली. सगळी काढली असती, तर गनीभाई पाण्याखालून गायले असते. टाळ्यांच्या कडकडाटाचा आवाज उतरवला आणि दबलेल्या ओळी वर उचलल्या.

गनीभाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. "हा मी न्हाई," ते म्हणाले. "जुनीच भरा."

"दोन्ही भरा," भाभी म्हणाल्या. "जुनी लोकांना ऐकवा. ही मला द्या. घरात हाच गातो. त्या दुसऱ्याशी माझा निकाह झालेला न्हाई."